सुई-दोऱ्याचं भाषण: मॉस्कोतल्या एका निरोपाचं प्रकरण

प्रकरणाची सुरुवात एका ईमेलच्या विषय-ओळीपासून झाली. भारतीय औषध कंपनीच्या मॉस्को कार्यालयात व्यवस्थापक असलेल्या एका नाशिककराने सगळ्या कार्यालयाला शुक्रवारी दुपारी चारचं आमंत्रण पाठवलं. नोंदणी विभाग सांभाळणारी बाई बारा वर्षांनी कंपनी सोडत होती, तिच्या निरोपाचं. त्याला लिहायचं होतं 'मरीनाला निरोप'. लिहिलं गेलं 'उवल्न्यायिम मरीनु', म्हणजे 'मरीनाला कामावरून काढतोय, शुक्रवार, चार वाजता'. दहा मिनिटांत सगळ्यांना कळेल असं खुद्द तिचंच उत्तर आलं, दोन शब्दांचं: 'झा श्तो?' म्हणजे 'का बरं, काय गुन्हा?'

तिने ते चेष्टेत घेतलं, पण त्याची झोप उडाली. त्या रात्री त्याने मला पुण्यात फोन केला. वीसेक वर्षांपूर्वी तो माझ्याकडे रशियनचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून गेला होता. अक्षरं वाचता येत होती, बाकी बरंचसं धुऊन निघालं होतं. 'मॅडम, शुक्रवारी मला रशियनमध्ये बोलायचंय. इंग्रजीत बोललो तर तिला कळेल, पण गोदामवाल्यांना आणि ड्रायव्हरला नाही कळणार. आणि ती खरी त्यांचीच आहे.' कारण पटण्यासारखं होतं. हातात नऊ दिवस होते. रशियन कामगार कायद्याच्या ऐंशीव्या कलमाप्रमाणे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याने किमान दोन आठवडे आधी लेखी कळवायचं असतं. तिने कळवून पाच दिवस झाले होते.

(खरी नावं देत नाही. तिला इथे मरीना सिर्गेव्ना म्हणू आणि त्याला नुसतं नाशिककर.)

आधी त्या ईमेलची भानगड. रशियनमध्ये 'उवल्न्यात्य' म्हणजे मालकाने कामावरून काढणं. त्याच क्रियापदाला शेवटी 'स्या' हा आत्मवाचक तुकडा लागला की अर्थ होतो स्वतःहून नोकरी सोडणं. एका तुकड्याने राजीनाम्याची हकालपट्टी होते. निरोपासाठी शब्दच वेगळा आहे, 'प्रवझायिम', म्हणजे 'वाटेला लावतोय', आपल्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवतात तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त आमंत्रण गेलं. पहिलं कोणी विसरलं नाही, पण त्याचाही पुढे उपयोग झाला.

त्याने मला दोन मसुदे पाठवले. दोन्ही टाकून द्यावे लागले. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी वाईट होते, म्हणून त्यांच्याकडे जरा नीट बघण्यासारखं आहे.

पहिला त्याने इंग्रजीत विचार करून स्वतः रशियनमध्ये उतरवला होता. त्यात तिला कंपनीचा 'त्सेन्नि अक्तीफ' म्हटलं होतं. हा ताळेबंदातला शब्द, मालमत्तेच्या रकान्यातला. माणसाला म्हटला तर यंत्रसामग्रीच्या शेजारी बसवल्यासारखं होतं. तिच्या कामातल्या चिकाटीचं कौतुक करायला त्याने 'अग्रिसीव्निय' वापरला होता. रशियन कानाला तो भांडकुदळ, अंगावर येणारा माणूस वाटतो. पण कहर तिसऱ्या शब्दाचा होता. दुसऱ्याचं दुःख समजून घेणारी सहकारी म्हणायचं होतं, तर त्याने इंग्रजी शब्दासारखा दिसणारा 'सिम्पतीच्नया' उचलला. रशियनमध्ये त्याचा अर्थ 'दिसायला छान'. एका व्यवस्थापकाने भरल्या सभेत, निरोपाच्या दिवशी, हाताखालच्या बाईला 'आमची देखणी आणि भांडखोर मालमत्ता' म्हणायचं बाकी ठेवलं होतं. तो स्वतःच पोट धरून हसला आणि मग गप्प झाला, कारण हे वाचून दाखवायची त्याची पूर्ण तयारी झाली होती.

दुसरा मसुदा मनुष्यबळ विभागातल्या एका रशियन मुलीने लिहून दिला होता. व्याकरणात एक चूक नाही. पण सुरुवात होती 'झा म्नगल्येत्निय दब्रसोव्यिस्निय त्रूत', म्हणजे 'अनेक वर्षांच्या प्रामाणिक श्रमांबद्दल'. ही ओळ रशियात प्रत्येकाने भिंतीवरच्या सन्मानपत्रात वाचलेली असते. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या आजोबांना अशी पत्रं देतात. जिला दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर जायचंय, तिला हे ऐकताना आपण पेन्शनीत निघाल्यासारखं वाटणार. आपल्याकडे 'सन्माननीय व्यासपीठ' आणि 'चार शब्द बोलतो' सुरू झालं की श्रोत्यांचं लक्ष बटाटेवड्याकडे जातं, तसला प्रकार.

आणि त्यात एक बारीक सुरुंग होता. लिहिणारी मुलगी असल्यामुळे तिने सवयीने 'या ब्लगदार्ना' लिहिलं होतं, म्हणजे 'मी ऋणी आहे', पण बोलणारी बाई असेल तेव्हाचं रूप. पुरुषाने 'या ब्लगदारिन' म्हणायचं असतं. हे मराठी माणसाला एका वाक्यात समजतं. 'मी आलो' आणि 'मी आले' असा फरक आपण रोज करतो, रशियनही भूतकाळात आणि अशा विशेषणांत तोच करते. म्हणून मी त्याला सांगितलं, की कोणी बाईने लिहून दिलेलं भाषण वाचण्याआधी त्यातलं प्रत्येक 'या', म्हणजे 'मी', शोध आणि त्याच्या पुढचा शब्द बघ. तो दोन ठिकाणी बाई होऊन उभा राहणार होता.

मग नवीन काय लिहायचं? मी त्याला रशियन बाजूला ठेवायला सांगितलं आणि मराठीत विचारलं, 'तुझा आणि तिचा एखादा प्रसंग सांग. एकच. तू तिच्याकडून काहीतरी शिकलास असा.' तो जरा थांबला आणि सुई-दोऱ्याची गोष्ट निघाली.

ती समजायला रशियन कागदांची एक रीत माहीत हवी. कार्यालयात दाखल करायचा अनेक पानी दस्त तिथे नुसता टाचून चालत नाही. पानांना क्रमांक घालतात, डाव्या कडेला भोकं पाडून दोरा ओवतात, मागे गाठ मारतात, गाठीवर कागदाचा चौकोन चिकटवतात आणि त्यावर 'ओवलं, क्रमांक घातले, इतकी पानं' असं लिहून सही-शिक्का मारतात. शिक्का अर्धा चौकोनावर आणि अर्धा पानावर येतो, म्हणजे एखादं पान मधूनच काढलं किंवा बदललं तर लगेच दिसतं. नाशिककर तीन वर्षांपूर्वी नवा आला, तेव्हा घाईच्या एका संध्याकाळी चाळीस पानांना एक क्लिप लावून ते तिच्या टेबलावर ठेवून आला होता. ती काही बोलली नाही. तिने क्लिपकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि खणातून सुई काढली. मग शेजारी बसवून त्याला ओवायला शिकवलं. गाठ तीनदा सुटली. पुढे गोव्यातल्या कारखान्याच्या तपासणीसाठी रशियन निरीक्षक आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली आणि एका रात्रीत पंचवीस संच ओवून झाले. त्यातले चार त्याने ओवले होते. 'तिने एकही परत पाठवला नाही मॅडम,' हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

भाषण मिळालं होतं. गोव्याचा भाग मात्र मी काढला. तो चांगला होता, पण निम्मं कार्यालय तिथे नव्हतं, आणि एका भाषणाला एक सुई पुरते.

आता प्रश्न भाषेचा. रशियनमध्ये नामाला आपल्यासारखंच सामान्यरूप होतं, आणि विभक्त्या सहा. आपण 'शाळा' म्हणतो पण 'शाळेत' जातो, जुन्या वळणाने 'सीतेला' म्हणतो. तसंच मरीना कर्म झाली की 'मरीनु', तिला काही द्यायचं तर 'मरीने', तिची उणीव भासते म्हणायचं तर 'मरीनी'. वर 'सिर्गेव्ना' हे पितृनामही त्याच तालात बदलतं. ज्याने वीस वर्षं सराव केलेला नाही, तो लोकांसमोर हे सांभाळू शकत नाही. एक चुकलं की पुढची तीन चुकतात.

यावर एक सोपी वाट आहे आणि माझ्या मते परभाषेतल्या सगळ्या लहान भाषणांना ती लागू पडते: तिच्याविषयी बोलायचंच नाही, तिच्याशी बोलायचं. रशियनमध्ये हाक मारताना नाव मूळ रूपातच राहतं. 'मरीना सिर्गेव्ना,' म्हणून वळलं की त्यापुढे फक्त 'तुम्ही'ची रूपं लागतात, आणि ती या भाषणापुरती तीनच होती: वी, वास, वाम, म्हणजे तुम्ही, तुमची, तुम्हाला. आदरार्थी 'वी'बरोबर भूतकाळ अनेकवचनी येतो, 'तुम्ही आलात' सारखाच, त्यामुळे तिच्या बाजूने स्त्रीलिंगाची कटकटही संपते. शिवाय जिचा निरोप आहे तिच्याकडे बघून बोललं की माणूस आपोआप हळू आणि खरं बोलतो. पहिल्या मसुद्यात 'ती' सतरा वेळा आली होती. शेवटच्या मसुद्यात ती फक्त एकदा, पहिल्या परिच्छेदात आली, आणि तीही कर्ता म्हणून.

नावाचा प्रश्न उरला. तीन वर्षं तो तिला नुसतं 'मरीना' म्हणत आला होता, कारण दोघांचं काम इंग्रजीत चालायचं. मॉस्कोतल्या परदेशी कंपन्यांत आता नुसतं नाव बरंच चालतं, त्यामुळे पितृनाम हवंच असा काही नियम मी सांगणार नाही. मी त्याला उलट विचारलं, 'बाकीचे तिला काय म्हणतात?' तर ड्रायव्हरपासून हिशेबनिसापर्यंत सगळे मरीना सिर्गेव्ना. मग उत्तर ठरलेलं होतं. मराठी माणसाला पितृनाम नवं नाही, आपल्याही नावात मधे वडील बसलेले असतात. पण आपल्याकडे ते अर्जावर आणि लग्नपत्रिकेत, आणि रशियनमध्ये ते हाक मारण्यात. वडील सिर्गेय म्हणून मुलगी सिर्गेव्ना. लिहिताना त्यात एक 'ये' जास्त असतो, बोलताना तो गिळतात. सगळी अक्षरं सुटी सुटी म्हटली तर परका माणूस ओळखू येतो.

मूळ मसुद्यात 'तुमचा रशियन आत्मा' असंही काहीतरी होतं. तेही गेलं. मरीना सिर्गेव्ना कझाकस्तानातल्या कारागांदा शहरात जन्मलेली, आजोळ युक्रेनियन. घरची भाषा रशियन, म्हणून ती रशियन असं होत नाही. आजच्या दिवसांत तर अशा खोलीत बसलेल्या दहा जणांची दहा मतं असतात, आणि निरोपाच्या टेबलावर देशाचं नाव काढणं म्हणजे नसती आफत. भाषण माणसाचं आहे, माणसापाशीच राहू दे.

शेवट करायला त्याने 'प्रश्शाय्त्यि' लिहिलं होतं. शब्दकोशात याचा अर्थ 'निरोप' असा मिळतो, आणि तिथेच माणूस फसतो. हा शब्द 'क्षमा करा' या धातूतून आलेला, पुन्हा भेट होणार नाही अशा वेळचा. मरणशय्येवर, कायमच्या ताटातुटीत तो शोभतो. कंपनी बदलून तीन मेट्रो स्थानकं पलीकडे जाणाऱ्या बाईला तो म्हटला की अंगावर काटा येतो. रोजचा शब्द 'दस्विदानिया', त्यात पुन्हा भेटण्याची गोष्ट आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, 'तुझी आजी घरातून निघताना 'जाते' म्हणायची का?' तो म्हणाला, 'येते म्हणायची.' झालं.

याच जातीची दुसरी चूक फुलांत होणार होती. बारा वर्षं म्हणून त्याने बारा गुलाब सांगून ठेवले होते. रशियात सम संख्येने फुलं मेलेल्या माणसाला वाहतात, जिवंत माणसाला विषम द्यायची. मोठ्या झुबक्यात कोणी मोजत बसत नाही, पण डझनाच्या आतबाहेर लोकांची नजर नकळत मोजते. फुलवालीने सांगितलं असतंच, पण त्याने संगणकावरून मागणी टाकली होती. बाराचे अकरा केले. खाण्याचं मात्र त्याने कंपनीतर्फे सांगितलं होतं ते मी रद्द करायला लावलं. तिथे सोडून जाणारा माणूस स्वतः सहकाऱ्यांना खाऊ घालतो, त्याला बोलीत वेगळा शब्दही आहे. तिने घरून तीन प्रकारचे केक आणायचं केव्हाच ठरवलं असणार. यजमानपण हिसकावून घेऊ नये.

शेवटचा मसुदा असा झाला. मराठी लिपीत देते, कारण त्याने तो मराठी लिपीतच वाचला:

'दरगीये कल्येगि! या बूदु गवरीत्य प-रूस्कि. अशीप्कि मयी: मरीना सिर्गेव्ना एतत त्येक्स्त नि प्रविर्याला.'

(प्रिय सहकाऱ्यांनो, मी रशियनमध्ये बोलणार आहे. चुका माझ्या, मरीना सिर्गेव्नांनी हा मजकूर तपासलेला नाही.)

'मरीना सिर्गेव्ना! त्री गोदा नझात या प्रिन्योस वाम सोरक लिस्तोफ इ अद्नू स्क्र्येप्कु. वी पस्मत्र्येलि न स्क्र्येप्कु, पतोम न मिन्या, इ दस्तालि इगोल्कु स नीत्कय.'

(तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे चाळीस कागद आणि एक क्लिप घेऊन आलो. तुम्ही क्लिपकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि सुई-दोरा काढलात.)

'स्पसीबा वाम झा काझ्दुयु स्त्रनीत्सु, कतोरुयु वी नि पत्पिसालि.'

(तुम्ही सही न केलेल्या प्रत्येक पानाबद्दल तुमचे आभार.)

'नाम बूद्यित वास नि ख्वतात्य. झिलायु वाम झ्दरोव्या, उदाचि इ नचाल्निका, कतोरिय साम उम्येयित शीत्य. दस्विदानिया!'

(तुमची उणीव भासेल. तुम्हाला आरोग्य लाभो, यश लाभो आणि ज्याला स्वतःला ओवता येतं असा साहेब लाभो. पुन्हा भेटू.)

एवढंच. दीड मिनिटाच्या आत संपतं. त्याला ते फार लहान वाटलं. मी म्हटलं, तिथे सगळे हातात पेला धरून उभे असतात, आणि साहेबाचं बोलणं झाल्याशिवाय कोणी घोट घेत नाही. पाच मिनिटांत हात दुखतो आणि मायाही आटते.

दोन ओळींबद्दल थोडं. 'सही न केलेल्या पानांबद्दल आभार' ही ओळ त्याचीच, मी फक्त रशियनमध्ये बसवली. सही केलेल्या पानांबद्दल कोणीही आभार मानेल. नोंदणीच्या कामात खरी किंमत अडवणाऱ्या माणसाची असते, कारण चुकीचं पान खात्याकडे गेलं की अर्ज महिनोन्‌महिने अडकतो. खोलीतल्या प्रत्येकाचं एखादं पान तिने कधी ना कधी परत पाठवलं होतं, त्यामुळे ही ओळ सगळ्यांची झाली. दुसरी 'नाम बूद्यित वास नि ख्वतात्य'. शब्दशः 'आम्हाला तुम्ही पुरणार नाही', म्हणजे कमी पडाल. याऐवजी 'आठवण येईल' असं सरळ क्रियापद आहे, पण त्याला पुढे 'वास' लावायचं की 'वाम' यावर रशियन लोकच वाद घालतात. जुन्या व्याकरणाला 'वास' शुद्ध वाटतं, बोलण्यात 'वाम' रुळलंय. ज्या बाईने बारा वर्षं लोकांची पानं तपासली, तिच्यासमोर त्या वादात कशाला पडायचं?

एक ओळ मात्र त्याच्या फार मनात होती, ती काढावी लागली: 'मी रडत नाहीये.' रशियनमध्ये 'रडतो' आणि 'पैसे देतो' ही दोन्ही रूपं लिहायला अगदी सारखी. जोर पहिल्या स्वरावर दिला, 'प्लाचु', की रडतो. शेवटी दिला, 'प्लचू', की पैसे देतो. सरावात तो चारपैकी तीनदा 'मी पैसे देत नाही' म्हणाला. त्या वर्षी बोनसवरून कार्यालयात आधीच धुसफूस होती. मी म्हटलं, राहू दे, रडायचं तर न सांगता रड.

जोराचाच त्रास सगळ्यात मोठा होता, कारण मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, आणि आपला कान तिकडे जातच नाही. रशियनमध्ये जोर कुठे आहे ते छापलेलं नसतं, तो एकाच शब्दाच्या रूपांतही जागा बदलतो, आणि जोर नसलेला 'ओ' चक्क 'अ' होतो. यावर आम्ही मराठी लिपीचाच आधार घेतला. जिथे जोर, तिथे दीर्घ स्वर किंवा ठळक मात्रा. जिथे जोर नाही, तिथे ऱ्हस्व, आणि शक्य तिथे नुसता 'अ'. 'दरगीये' लिहिलं की तोंड आपोआप 'गी'वर थांबतं, आणि त्याआधीचे दोन्ही 'ओ' न विचारता 'अ' होतात. रशियन लिपीत वाचताना तो प्रत्येक 'ओ' पूर्ण गोल म्हणायचा, मराठी लिपीत तो दोष एका दिवसात गेला. फक्त शब्दाच्या शेवटी सावध राहावं लागतं, कारण आपण शेवटचा 'अ' खाऊन टाकतो. 'स्पसीब' लिहिलं तर तो 'स्पसीब्' म्हणणार, म्हणून तिथे मुद्दाम काना. 'त्स' त्याला सोपा गेला, 'चमचा'तला पहिला च तोच. 'वी'मधला स्वर मात्र कुठल्याच मराठी अक्षरात सापडत नाही. 'ई' म्हणताना जीभ मागे ओढावी लागते. तो शेवटपर्यंत धड जमला नाही, आणि मी सोडून दिलं. काही चुका खपतात. जोर चुकला की शब्द कळत नाही, स्वर थोडा चुकला तर फक्त परदेशी वाटतो, आणि तो परदेशी होताच.

रोज रात्री फोनवर तीन वेळा म्हणायचं, असं सात दिवस चाललं. पाठ करायचं नाही, कागद हातात ठेवायचा, पण 'मरीना सिर्गेव्ना' म्हणताना मान वर, एवढंच बजावलं.

शुक्रवारचं त्याने त्याच रात्री सांगितलं. केक तीन नाही, चार होते. सगळे स्वयंपाकघरात उभे. 'हा मजकूर तपासलेला नाही'वर पहिला हशा आला. तो जरा जास्तच मोठा होता, कारण सगळ्यांना ते 'कामावरून काढतोय' आठवलं. क्लिप आणि सुईवर गोदामवाल्याने टाळी दिली. साहेबाच्या विनोदावर त्यामानाने थंड प्रतिसाद मिळाला, 'ओवणं'ला तिथे शिवणकामाचा वास जास्त येतो, तो दोष माझा. आणि नेमक्या महत्त्वाच्या ओळीत, 'सही न केलेल्या पानांबद्दल', तो घसरला. सातही रात्री बरोबर म्हटलेला शब्द तिथे 'पत्पीसलि' झाला, जोर एक अक्षर आधी पडला. क्षणभर शांतता. मग मरीना सिर्गेव्नाने हातातला पेला खाली न ठेवता, जशी रोज पानं परत पाठवायची त्याच सुरात म्हटलं, '...सालि.'

त्याने ओळ पुन्हा म्हटली. या वेळी बरोबर. हशा थांबेना. पुढची ओळ कोणी नीट ऐकलीच नाही.

नंतर तिने त्याच्या हातातला कागद मागून घेतला. उलटा करून बघितला, सुलटा केला, मराठी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मागची कोरी बाजू तपासली. म्हणाली, 'प्यिचाति न्येत.' शिक्का नाही. मग घडी घालून पर्समध्ये टाकला.